तास मोजणं सोडलं, त्या ११० दिवसांची वही

माझ्याकडे निळ्या पुठ्ठ्याची एक रजिस्टर वही आहे. जून २०२३ पासून ऑक्टोबर २०२४ पर्यंत तिच्यात रोज एकच आकडा लिहिलेला आहे: आज किती तास बसले. ९.३०, १०.१५, ८.४५, ११.००. अकरा तासांच्या दिवसांभोवती लाल पेनाने गोल केलेला आहे. काय वाचलं, काय आलं, काय चुकलं, याचा त्यात एक शब्द नाही. ही वही बंद करून दुसरी सुरू केली, त्याबद्दल लिहिते आहे. एमपीएससीची गट-ब पूर्व परीक्षा देणाऱ्या, त्यातही अभ्यासिकेत टेबल घेऊन बसणाऱ्या कुणाला तरी उपयोगी पडेल म्हणून आकडे आणि तारखा जशा होत्या तशा ठेवल्या आहेत.

मी धरणगाव तालुक्यातली. घरी पाच एकर कोरडवाहू, त्यात कापूस. ३० एप्रिल २०२३ ची संयुक्त पूर्व परीक्षा दिली, थोडक्यात राहिले, आणि त्या 'थोडक्यात'वर विश्वास ठेवून जळगावला खोली घेतली. तिघींत एक खोली, माझ्या वाट्याला महिन्याला १,३०० रुपये. डबा २,०००. अभ्यासिका ६००, उन्हाळ्यात कूलरचे १०० वेगळे. जळगावचा मे महिना ज्यांनी काढलाय त्यांना ते १०० रुपये जास्त वाटणार नाहीत.

अभ्यासिकेत तासांचंच राज्य होतं. मोबाइलवर स्टॉपवॉच लावून तो टेबलावर उभा करायचा. पाणी प्यायला उठलं की थांबवायचा, बसलं की पुन्हा सुरू. रात्री जिन्यात चपला घालताना एकमेकींना विचारायचं, "किती झाले?" उत्तर तासांतच यायचं. साडेसात म्हणणारी जरा खालच्या आवाजात म्हणायची.

खोटं कुणी बोलत नव्हतं, हे आधी सांगते. बसणं खरंच व्हायचं. पण स्टॉपवॉचला फक्त बूड खुर्चीवर आहे की नाही एवढंच कळतं. मी राज्यव्यवस्थेचं तेच प्रकरण चौथ्यांदा वाचत असले तरी घड्याळ पुढे, आणि कलमांखाली पिवळी रेघ मारण्यात अर्धा तास घालवला तरी घड्याळ पुढे. उलट अंकगणिताची दोन पानं खरंच डोकं लावून सोडवली की तासाभरात थकायला व्हायचं, आणि थकून उठलं की तास कमी भरायचे. म्हणून मी नकळत गणित टाळायला लागले आणि वाचत बसायला लागले. तासांच्या वहीला तेच सोयीचं होतं.

जाहिरातीची वाट बघण्यात २०२४ निम्म्याहून जास्त गेलं. ९ ऑक्टोबरला जाहिरात आली: सहायक कक्ष अधिकारी, राज्य कर निरीक्षक आणि पोलीस उपनिरीक्षक मिळून ४८० पदं, पूर्व परीक्षा ५ जानेवारी २०२५. दुसऱ्याच दिवशी अभ्यासिकेतल्या आम्ही सहा जणींनी एकत्र बसून आधीच्या एका वर्षाचा पेपर घड्याळ लावून सोडवला. १०० प्रश्न, ६० मिनिटं, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा.

मी ९१ सोडवले. ४७ बरोबर, ४४ चूक. ४४ चे पाव म्हणजे ११ वजा, हातात राहिले ३६. जवळपास सोळा महिने रोज नऊ-दहा तास बसून.

त्यात एक प्रश्न तापीचा होता, डाव्या तीराच्या उपनद्या पूर्वेकडून पश्चिमेकडे लावायचा. मी गिरणेच्या आधी बोरी लावली. अहो, मी जळगावात राहते. गिरणेचा पूल ओलांडूनच गावी जाते. भुसावळकडून निघालं की आधी वाघूर लागते, मग जळगाव सोडल्यावर गिरणा, मग अमळनेरची बोरी आणि मग धुळ्याची पांझरा. भूगोलाच्या पुस्तकातलं ते पान माझ्या हातून पाच वेळा तरी वाचलं गेलं होतं; त्यावर हिरवी, पिवळी, गुलाबी अशा तीन रेघा होत्या. ते पान मला ओळखीचं होतं, पण पुस्तक मिटल्यावर त्यातलं काय उरतं हे मी एकदाही बघितलं नव्हतं.

१२ ऑक्टोबरला दसरा होता, म्हणून घरी गेले. पहिली वेचणी सुरू झाली होती. संध्याकाळी खळ्यात काटा लावून मायने एकेकीचं गाठोडं तोललं आणि वहीत लिहिलं: पस्तीस किलो, अठ्ठावीस, एकतीस. दर किलोला दहा रुपये. कोण सकाळी किती वाजता आली, मध्ये किती वेळ बांधावर बसली, हे त्या वहीत कुठेही नव्हतं. निंदणीला आमच्याकडे रोज देतात, म्हणजे दिवसाचे पैसे ठरलेले, वेचणीला किलोवर. निंदणीच्या दिवशी ऊन चढलं की हात कसे मंद होतात आणि वेचणीच्या दिवशी तेच हात कसे चालतात, हे मी लहानपणापासून बघत आलेय. माझा अभ्यास रोजावर चालला होता, हे मला तिथे काट्याजवळ उभं असताना लक्षात आलं. तेव्हा फार मोठं काही सापडल्यासारखं वाटलं नाही, नुसती लाज वाटली.

१५ ऑक्टोबरपासून नवी वही. त्याच आठवड्यात अर्जही भरून टाकला. शुल्क खुल्या वर्गाला ३९४, मागासवर्गीयांना २९४. शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नका, साइट फिरत राहते.

पहिला प्रश्न होता आकडा किती ठेवायचा. अभ्यासिकेत कुणी म्हणालं रोज २०० प्रश्न, कुणी म्हणालं १५०. मी २०० लिहिले आणि पहिल्याच दिवशी आपटले. हिशेबातली चूक सांगते, कारण ती बहुतेक जण करतात. परीक्षेच्या वेगाने १०० प्रश्नांना एक तास लागतो, म्हणून २०० ला दोन तास, असं मी धरलं होतं. पण सोडवणं हा प्रश्नाचा लहान भाग आहे. उत्तरं तपासायची, चुकलेला आणि शंकेचा प्रत्येक प्रश्न पुस्तकात शोधायचा, का चुकला ते लिहायचं, याला माझा प्रश्नामागे दोन-अडीच मिनिटांचा वेळ जायचा. माझे शंभरातले साठ प्रश्न चुकीचे किंवा शंकेचे असायचे. म्हणजे शंभर प्रश्नांना एक तास सोडवण्याचा आणि दोन ते अडीच तास तपासण्याचा. दोनशेला सहा-सात तास, आणि वाचन, उजळणी सगळं त्यानंतर. संध्याकाळी माझ्याकडे ११० न तपासलेले प्रश्न शिल्लक होते, आणि न तपासलेला प्रश्न म्हणजे वाया घालवलेला प्रश्न, कारण तो पुन्हा कोरा राहत नाही.

मग एक बरं केलं. पुढचे तीन दिवस काही लक्ष्य ठेवलंच नाही. नेहमीसारखा अभ्यास केला आणि रात्री फक्त मोजलं. तपासून पूर्ण झालेले नवे प्रश्न: ३८, ५२, ३१. उजळलेली पानं: १४, ९, १७. दोन्हीतला मधला आकडा घेतला, ३८ चे ४० केले, आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं: रोज ४० प्रश्न, १४ पानं. इतका छोटा आकडा लिहिताना हात अडखळला. आजूबाजूला २०० चाललेले असताना ४० कुणाला दाखवायचे? मी वही उलटी करून ठेवायचे.

साहित्याचा खर्च फार नाही. आयोगाच्या संकेतस्थळावर, mpsc.gov.in वर, जुन्या प्रश्नपत्रिका आणि उत्तरतालिका फुकट आहेत. घेताना अंतिम उत्तरतालिका घ्या, कारण पहिल्या तालिकेतली काही उत्तरं हरकतींनंतर बदलतात आणि काही प्रश्न रद्द होतात. बाजारातल्या संचांमध्ये जुनंच उत्तर छापलेलं मला दोन-तीन ठिकाणी सापडलं. झेरॉक्सला एका बाजूला एक रुपया, बारा पेपरांचे मिळून साडेतीनशेच्या आसपास गेले. सरावाच्या कोऱ्या उत्तरपत्रिका दोन रुपयाला एक, त्या पन्नास घेतल्या. गोल रंगवायला प्रश्नामागे तीन-चार सेकंद जातात. पुस्तकातच टिक करून सराव केला की ते सेकंद परीक्षेतच भेटतात. जुने पेपर मी जपून वापरले. रोजचे प्रश्न विषयवार प्रश्नसंचातून.

पहिले दहा दिवस छान गेले. ४० चे ४५ झाले, मग ६०, मग एके दिवशी ११०. वही मी सुलटी ठेवायला लागले.

दिवाळीला घरी जायच्या आधी, ऑक्टोबरच्या शेवटी, दुसरा पेपर सोडवला. ३८. दोन गुण वाढले.

सकाळी माय वेचणीला लवकर निघत नाही. दव असतं. दवातला कापूस ओला असतो, काट्यावर जड भरतो, आणि नंतर गंजीत पिवळा पडतो. म्हणून ऊन पडून बोंडं सुकल्याशिवाय ती कुणाला वावरात हात लावू देत नाही, आणि गाठोडं तोलायच्या आधी त्यात हात खुपसून पाला, कवडी बघते. किलोवर मजुरी ठेवली की ही राखण करावीच लागते, असं ती म्हणते. दिवाळीत मी बांधावर बसून माझी नवी वही उलटत होते आणि माझे ११० प्रश्न कुठून आले होते ते बघत होते. त्यातले ७० अंकगणित-बुद्धिमत्तेचे होते, सरासरी आणि टक्केवारी, जे मला येतातच. २५ प्रश्न मी आधी सोडवलेल्याच संचातले होते, उत्तरं पाठ. अर्थव्यवस्थेचे त्या आठवड्यात एकूण सहा. पूर्व परीक्षेत अर्थव्यवस्थेवर साधारण पंधरा प्रश्न येतात. माझ्या ओटीत ओला कापूस भरला होता, दुसरं काय.

तास मोजताना मी खुर्चीला फसवत होते, प्रश्न मोजायला लागल्यावर आकड्याला. पहिल्याच आठवड्यात कळायला हवं होतं, कारण याची एक खूण असते: आकडा वाढत असतो आणि चुकांचं प्रमाण अचानक उतरतं. माझ्या चुका शंभराला पन्नासवरून पंधरावर आल्या होत्या आणि मी त्याला प्रगती समजले होते. इतकी सुधारणा दहा दिवसांत होत नसते. सोपे प्रश्न निवडले जात असतात.

त्यानंतर काय मोजायचं ते ठरवलं, आणि पुढचे तीन महिने त्यात फारसा बदल केला नाही.

प्रश्न कधी धरायचा? घड्याळ लावून, उत्तरपत्रिकेवर गोल रंगवून सोडवलेला असला पाहिजे. तालिकेवरून तपासलेला असला पाहिजे. आणि सोडवतानाच त्याच्यापुढे पेन्सिलीने एक अक्षर लिहिलेलं असलं पाहिजे: ख म्हणजे खात्री, दो म्हणजे दोन पर्यायांत अडकले, तु म्हणजे तुक्का. तुक्का बरोबर आला तरी तो चुकीतच धरायचा आणि चुकांच्या वहीत जायचा. या एका अक्षराने मला सगळ्यात जास्त शिकवलं. 'ख' लिहिलेला आणि तरी चुकलेला प्रश्न सगळ्यात वाईट, कारण तिथे चुकीचंच पक्कं झालेलं असतं. बोरी-गिरणा तसाच होता.

'दो'चा फायदा परीक्षेत झाला. दोन पर्याय खात्रीने कापले असतील तर उरलेल्या दोनांतून अंदाज करणं पाव गुण वजा धरूनही परवडतं: दोन प्रश्नांत एक आला, एक गेला, तर पाऊण गुण हातात राहतो. चारही पर्याय अनोळखी असतील तर असे सोळा प्रश्न ठोकून सरासरीने एक गुण हाती येतो. त्यासाठी खर्च होणारा वेळ मला महाग वाटला. पण 'दो' आणि 'तु' यांच्यातला फरक परीक्षेच्या घाईत ओळखता यायला सराव लागतो, आणि तो सराव या अक्षरांनी झाला.

चुकलेला प्रश्न तीन दिवसांनी आणि पुन्हा दहा दिवसांनी परत सोडवायचा. तो नव्या प्रश्नांत धरायचा नाही, वेगळ्या रकान्यात.

पानांचं जास्त अवघड होतं. पान उलटलं म्हणजे उजळणी झाली, असं धरलं की मी पुन्हा जुन्याच वाटेला. खोलीतली एक मैत्रीण बी.एड. करत होती, तिने तिच्या अभ्यासक्रमातली गोष्ट सांगितली. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींना ते पुन्हा वाचायला लावले, काहींना न बघता आठवून लिहायला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे. आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे. पाच मिनिटांनी पुढे असणं म्हणजे मी रोज रात्री अभ्यासिकेतून निघताना मला वाटायचं तेच.

म्हणून पान असं धरलं: वाचायचं, पुस्तक मिटायचं, पाठकोऱ्या कागदावर त्या पानातलं जे आठवतं ते तुटक शब्दांत लिहायचं, उघडून ताडायचं. निम्म्याहून जास्त सुटलं तर ते पान धरायचं नाही, उद्या पुन्हा. धरलं तर पानाच्या वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने तारीख. कोपऱ्यातल्या तारखा बघून कुठलं पान कधीपासून उघडलेलं नाही ते चाळताना कळतं, त्यासाठी वेगळं वेळापत्रक लागत नाही. सुरुवातीला या पद्धतीने तासाला जेमतेम पाच पानं व्हायची आणि रडू यायचं. तिसऱ्या फेरीला तीच पानं तासाला चौदा-पंधरा व्हायला लागली, म्हणून पानांचं लक्ष्य फेरीनुसार बदलत गेलं: पहिल्या फेरीत १४, दुसरीत २२, तिसरीत ३५.

एक अपवाद मात्र ठेवावा लागला. अर्थव्यवस्थेतलं जे मुळातच कळलेलं नव्हतं, म्हणजे महसुली तूट, राजकोषीय तूट, प्राथमिक तूट आणि त्यांचा एकमेकांशी संबंध, त्याला पानांचं लक्ष्य लावलं की मी पळत वाचायचे. तिथे समजायला लागेल तितका वेळ लागतो आणि पानं मोजली की तोच वेळ चुकवला जातो. म्हणून नव्या, न कळलेल्या भागाला रोज पाऊण तास घड्याळावर दिला, किती पानं झाली ते लिहिलंच नाही. तास मी पूर्ण टाकून दिले असं म्हणणं त्यामुळे खरं होणार नाही. वहीच्या कडेला एक बारीक रकाना तासांचाही होता. लक्ष्य पूर्ण व्हायला किती वेळ लागला, एवढ्यापुरता.

एक दिवस पूर्ण लिहिते, १९ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळी पावणेसातला टेबलावर. आधी चुकांच्या वहीतले परतीचे १६ प्रश्न, त्यातले ११ आले. मग ४० नवे, भूगोल वीस आणि अर्थव्यवस्था वीस. सोडवायला २६ मिनिटं, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा दोन मिनिटं जास्त. बरोबर २३, पण त्यातले चार तुक्के, म्हणून धरले १९. राहिलेले २१ तपासायला ५५ मिनिटं. अर्ध्या तासाची सुट्टी, पोहे. राजकोषीय तुटीला पाऊण तास. जेवण, झोप. दुपारी अंकगणित-बुद्धिमत्तेचे १५ प्रश्न, बावीस मिनिटं, बारा बरोबर. मग इतिहासाची १८ पानं, त्यातली १५ धरली. तीन पानं सामाजिक सुधारणांची होती आणि संस्थांची स्थापना वर्षं माझ्या कागदावर उलटीपालटी उतरली होती. चार वाजून दहा मिनिटांनी लक्ष्य पूर्ण झालं.

आणि तेव्हा मला काय करावं कळेना. सगळा हॉल खाली मान घालून बसलेला. चारला बॅग उचलून निघणं म्हणजे कामचुकारपणा, असं सोळा महिने अंगात भिनलेलं. मी उगाच अजून वीस मिनिटं बसले, काही केलं नाही, मग उठले. शेजारच्या टेबलावरचा मुलगा म्हणाला, "काय ताई, झालं का आज?" त्याला वाईट म्हणायचं नव्हतं, पण मला ते लागलं. ही अपराधी भावना पुढे दोन आठवडे टिकली, हे सांगून ठेवते, कारण याच भावनेने बरेच जण पुन्हा तासांवर जातात. माझ्या खोलीतली दुसरी मैत्रीण गेली.

दुसऱ्या दिवशी, २० नोव्हेंबरला, विधानसभेचं मतदान होतं. गावी गेले. त्या दिवसाचं लक्ष्य आधीच निम्मं लिहिलं होतं. राहिलेलं उद्यावर टाकायचं नाही, हे मी पहिल्या महिन्यात ठेच खाऊन शिकले. आज दहा राहिले म्हणून उद्या पन्नास, उद्या पंधरा राहिले म्हणून परवा पंचावन्न, असं करत चौथ्या दिवशी वही उघडावीशी वाटत नाही. राहिलेले नवे प्रश्न सोडून द्यायचे. पुढे जातात त्या फक्त चुका. आणि नऊ तासांतही लक्ष्य पूर्ण झालं नाही तर वही बंद; आठवड्यात तीनदा असं झालं तर आकडा कमी करायचा. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तापाने पडले तेव्हा रोज फक्त परतीचे दहा प्रश्न ठेवले, अंथरुणातच.

फोनवर माय रोज विचारायची, "काय करी राहिनी?" त्याच्याऐवजी नोव्हेंबरपासून ती विचारायला लागली, "आज कितला व्हयनात?" मी आकडा सांगायचे. एकदा मी साठ म्हणाले तर ती म्हणाली, "कोरडा का ओला?"

डिसेंबरअखेर वयोमर्यादेतल्या सवलतीचं निमित्त झालं आणि परीक्षा ५ जानेवारीवरून २ फेब्रुवारीला गेली. अभ्यासिकेत त्या रात्री अर्धे जण आनंदात आणि अर्धे हताश. मला त्या चार आठवड्यांचा खर्च दिसत होता, चार हजारांच्या आसपास. पण अभ्यासाचं वेळापत्रक मोडलं नाही, कारण ते तारखांवर टांगलेलं नव्हतंच. इतिहासाची तिसरी फेरी चालू होती, ती चालू राहिली. वाढलेल्या दिवसांत जुने पेपर संपत आल्यामुळे चुकांची वही तेवढी पहिल्या पानापासून पुन्हा सोडवली. तिच्यात १,१४० प्रश्न होते. तिसऱ्यांदाही चुकलेले ९२ निघाले, ते वेगळ्या कागदांवर उतरवून शेवटच्या आठवड्यात फक्त तेवढेच. त्यातले तीस विज्ञानाचे होते. विज्ञान मी सबंध हिवाळा हलक्यात घेतलं होतं, हे तेव्हा उघड झालं आणि दुरुस्त करायला वेळ नव्हता.

सरावाच्या पेपरांचे आकडे क्रमाने असे गेले: ३६, ३८, ४१.५०, ४०, ४४.७५, ४३, ४९, आणि जानेवारीच्या शेवटी ५१.७५ (७८ सोडवले, ५७ बरोबर, २१ चूक). मधले दोन उतार बघून दोन्ही वेळेला मी एकेक दिवस काहीच केलं नाही.

२ फेब्रुवारी, रविवार. केंद्र जळगावातच होतं, तासभर आधी पोचले. काळं बॉलपेन दोन, प्रवेशपत्र, ओळखपत्राची मूळ प्रत आणि झेरॉक्स. पेपर हातात आला. पहिल्या फेरीत 'ख' वाटले ते, दुसऱ्या फेरीत 'दो'. तुक्के सोडून दिले, फक्त शेवटच्या दोन मिनिटांत तीन ठोकले, तेवढा मोह आवरला नाही. तिन्ही चुकले, हे नंतर कळलं. उत्तरपत्रिकेची कार्बन प्रत आणि प्रश्नपत्रिका घरी आणता येते. पहिली तालिका आल्यावर तीच जुळवायची असते, म्हणून ती घामाने भिजू देऊ नका. तालिकेवरून माझे ८१ सोडवलेले, ५८ बरोबर, २३ चूक, म्हणजे ५२.२५. एका उत्तराबद्दल शंका होती, अंतिम तालिकेत ते बदललं तर सव्वा गुण इकडेतिकडे होणार होता.

११० दिवसांतले १३ दिवस कोरे गेले. उरलेल्या ९७ दिवसांत नवे प्रश्न ४,३१० झाले, म्हणजे रोजचे साधारण ४४. पहिल्या पानावर लिहिलेले ४०, ज्यांची मला लाज वाटत होती, त्यांच्यापेक्षा फक्त चार जास्त. तासांच्या बारीक रकान्याची सरासरी काढली तर ती सात तास दहा मिनिटं निघाली.

खोली सोडताना निळी रजिस्टर वहीही सामानात आली. तिची मागची साठ-सत्तर पानं कोरी होती. मायने ती फाडून न घेता वही उलटी करून मागून सुरू केली आहे. पहिल्या पानावर फरदडीच्या वेचणीचा हिशेब आहे: अकरा किलो, नऊ, साडेतेरा.